एका माणसाला महिन्याला किती तांदूळ, किती कणीक, किती तेल? वाणसामानाच्या यादीआधी करायचा हिशेब

एकट्याने राहायला लागलेला माणूस पहिली यादी करतो तेव्हा घरचा हिशेब आठवतो. घरी चौघांना दहा किलो तांदूळ लागायचा, म्हणजे मला अडीच. पाच लिटर तेल लागायचं, म्हणजे मला सव्वा लिटर. तांदळाचा अंदाज एखादे वेळी बसतोही, पण तेल, डाळ आणि कणीक हमखास चुकतात. कारण घरातले चौघे सारखं जेवत नसतात, आणि चौघांची फोडणी चारने भागून एकाची फोडणी होत नाही. वर मुंबईत महिन्याचे तीस दिवस म्हणजे घरची साठ जेवणं असंही नसतं. कुणाचा डबा असतो, कुणी कँटीनमध्ये जेवतो, शनिवारी रात्री बाहेर खाणं होतं, आणि गणपतीत माणूस आठ दिवस गावाला जातो.

म्हणून इथे हिशेबाचं एकक माणूस किंवा दिवस नाही, जेवण आहे. घरी शिजलेली जेवणं मोजायची, एका जेवणाला लागणारं कच्चं धान्य वजन करून काढायचं आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. खालची सगळी मांडणी याच एका गोष्टीवर उभी आहे.

आधी जेवणं मोजा

मागच्या महिन्याचं कॅलेंडर समोर घ्या. भिंतीवरचं असेल तर उत्तम, त्यात चतुर्थी-एकादशीही दिसतात. तीन आकडे लिहा: घरून नेलेले डबे किती, घरी घेतलेली रात्रीची जेवणं किती, आणि सुट्टीच्या दिवशी घरी झालेली दुपारची जेवणं किती. न्याहारी वेगळी मोजा, कारण पोहे, रवा आणि ब्रेड यांचा भात-पोळीच्या हिशेबाशी संबंध नाही. उपासाचे दिवस वजा करा. त्या दिवशी साबुदाणा आणि भगर लागते, तांदूळ लागत नाही.

इथे लोक आठवणीवर भिस्त ठेवतात आणि बाहेरची जेवणं कमी धरतात. यूपीआयचे महिन्याचे व्यवहार उघडून हॉटेलांची आणि घरपोच जेवणाची नावं मोजली की खरा आकडा कळतो. ‘मी आठवड्यातून एकदाच बाहेर खातो’ म्हणणाऱ्यांच्या व्यवहारांत बरेचदा आठ-नऊ नोंदी निघतात.

उदाहरण म्हणून एक माणूस घेऊ. चौतिशीचा, कांदिवलीत एकटा राहणारा, लोअर परळला बैठी नोकरी. महिना तीस दिवसांचा, त्यात बावीस कामाचे. दोन दिवस ऑफिसमधल्यांबरोबर बाहेर जेवण झालं, म्हणजे डबे २०. आठ सुट्ट्यांपैकी तीन दुपारी बाहेर गेल्या, म्हणजे घरची दुपारची जेवणं ५. रात्री सहा वेळा बाहेर, म्हणजे घरी २४. एकूण ४९. साठच्या हिशेबाने सामान भरलं असतं तर जवळजवळ पाचवा भाग जास्तीचा आला असता, आणि तोच भाग ऑगस्टमध्ये टोके लागून फेकावा लागला असता.

वाटी नव्हे, काटा

दुसरी पायरी म्हणजे एका जेवणाचं कच्चं वजन. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा लागतो. तो कायम वापरायचा नाही, एक आठवडा पुरे. नसेल तर शेजारून मागून आणा.

काटा का, वाटी का नाही? वाटी आकारमान मोजते आणि आपण सामान वजनावर घेतो. १५० मिलिलिटरची सपाट भरलेली स्टीलची वाटी घ्या. तिच्यात तांदूळ साधारण १२० ग्रॅम बसतो, तूरडाळ १२५ च्या आसपास, साखर १३० च्या आसपास, आणि सैल भरलेली कणीक फक्त ८० ते ८५. तांदळाला लागू पडलेला ‘एक वाटी’चा हिशेब कणकेला लावला की महिन्याचा आकडा दीड-दोन किलोने फुगतो. आजीच्या काळी चिपटं-मापटं चालायचं, कारण तेव्हा घेणंही मापावर होतं आणि वापरणंही मापावर. आता घेणं किलोवर गेलं आणि वापरणं वाटीवर राहिलं, गोंधळ त्यातून होतो.

म्हणून एकदाच आपल्या नेहमीच्या वाटीत प्रत्येक धान्य भरून वजन करा आणि चार आकडे त्या-त्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. पुढे काट्याची गरज राहत नाही.

भात: खाल्लेला नव्हे, शिजवलेला मोजा

भात हे पूरक अन्न असलेल्या, म्हणजे सोबत दोन पोळ्या खाणाऱ्या माणसाला एका जेवणाला ७० ते ८० ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो. १५० मिलिलिटरच्या वाटीने हे अर्ध्या वाटीपेक्षा थोडं जास्त होतं. शिजल्यावर तो अडीच ते तीन पट वजनाचा होतो, म्हणजे ताटात दोनशे ग्रॅमच्या आसपास भात येतो. दोन्ही वेळा भातच जेवणाऱ्याला, म्हणजे कालवण-भात किंवा सार-भात हेच पूर्ण जेवण असलेल्याला, १०० ते १२५ ग्रॅम लागतो.

चूक होते ती कुकरपाशी. तीन लिटरच्या कुकरच्या भांड्यात पाऊण मूठ तांदूळ नीट शिजत नाही. तळाला लागतो किंवा कोरडा पडतो. म्हणून एकटा माणूस हात सैल सोडून पाऊण वाटी, एक वाटी टाकतो. त्यातला अर्धा भात सकाळी फोडणीचा होतो आणि कधी कचऱ्यात जातो. त्याला विचारा, ‘तू किती खातोस?’ तो सांगेल, ‘थोडासाच.’ डबा मात्र वीस तारखेलाच रिकामा झालेला असतो. म्हणून आठवडाभर कुकरमध्ये टाकण्याआधी तांदूळ वजन करा आणि उरलेला भात कुठे गेला तेही लिहा. फोडणीचा भात करून तो खरंच न्याहारीला खाल्ला जात असेल तर तो वाया गेलेला नाही. मग न्याहारीच्या पोह्यांतून तेवढं कमी करा. कचऱ्यात जात असेल तर उपाय यादीत नाही, भांड्यात आहे: कुकरमध्ये खाली पाणी घालून आत छोटा डबा ठेवायचा, त्यात साठ ग्रॅमही मोकळा शिजतो.

तांदळाच्या जातीनेही आकडा हलतो. जुना कोलम जास्त पाणी पितो, मोकळा होतो आणि फुगतो, त्यामुळे ताट लवकर भरतं. नवा तांदूळ आणि इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ कमी फुगतो. त्याचा भात तेवढाच दिसायला हवा असेल तर मूठभर जास्त टाकावा लागतो. वाण्याने ‘नवा माल आलाय’ म्हणून पोतं बदललं की पहिल्या दोन वेळा पाणी आणि माप दोन्ही पुन्हा पाहा. नाहीतर भाताचा गिचका होतो आणि दोष तांदळाला जातो.

आपल्या उदाहरणातल्या माणसाच्या डब्यात भात नसतो. रात्रीची २४ आणि सुट्टीची ५ मिळून २९ जेवणं, प्रत्येकी ७५ ग्रॅम, म्हणजे २,१७५ ग्रॅम. दहा टक्के वर धरले तर २.४ किलो. यादीत अडीच किलो.

कणीक: पोळ्या मोजा, मग गोळा तोला

पोळीचा हिशेब सगळ्यात सोपा आहे, कारण पोळ्या मोजता येतात. अवघड आहे ते एका पोळीला किती कणीक जाते हे कळणं. युक्ती अशी: मळलेल्या कणकेचा लाटायला घेतलेला गोळा काट्यावर ठेवा. मऊ पोळीच्या कणकेत पाणी पिठाच्या साधारण ६० टक्के असतं, म्हणून गोळ्याच्या वजनाला १.६ ने भागलं की कोरडी कणीक मिळते. गोळा ५५-५६ ग्रॅमचा निघाला तर त्यात कणीक ३५ ग्रॅम. गोळा ४० ग्रॅमचा असेल तर तो फुलका आहे, त्यात २५ ग्रॅम कणीक.

या दोन आकड्यांमधला फरक महिन्याला केवढा होतो पाहा. ३५ ग्रॅमची घडीची पोळी किलोला २८ होते, २५ ग्रॅमचा फुलका किलोला ४०. ‘मला तीन पोळ्या लागतात’ हे वाक्य त्यामुळे अपुरं आहे. कुणाच्या हातची तीन, हे सांगावं लागतं. स्वयंपाकाच्या मावशी बदलल्या की कणकेचा डबा लवकर किंवा उशिरा संपायला लागतो त्याचं कारण हेच. त्यांचा हात चुकीचा नसतो, गोळा वेगळा असतो. पोळ्यांची संख्या सांगताना एकदा त्यांच्या गोळ्याचं वजन करून घ्या आणि तोच आकडा धरा. ज्वारीची भाकरी असेल तर एका भाकरीला ७० ते ८० ग्रॅम पीठ धरावं.

लाटताना लावायचं पीठ बहुतेक जण विसरतात. दर पोळीला दीड-दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण महिन्याच्या सव्वाशे पोळ्यांना ते पाव किलोच्या जवळ जातं.

आता उदाहरण: डब्यात तीन पोळ्या, वीस डबे, म्हणजे ६०. रात्री दोन, २४ रात्री, म्हणजे ४८. सुट्टीच्या दुपारी दोन, पाच वेळा, म्हणजे १०. एकूण ११८ पोळ्या. ३५ ग्रॅमने ४,१३० ग्रॅम, आणि लावायचं पीठ धरून जवळपास ४ किलो ३५० ग्रॅम. दहा टक्के वर धरले की पावणेपाच-पाच किलो.

हा आकडा गिरणीसाठी सोयीचा आहे. पाच किलो गहू दळून आणला की दळताना थोडी घट येते, घरी चाळलं तर कोंडा निघतो, आणि हातात पावणेपाच किलोच्या आसपास कणीक राहते. कोंडा न काढता वापरणाऱ्याला थोडं जास्त मिळतं. एक खबरदारी घ्या: पाच किलोचं लहान दळण ज्वारीच्या किंवा बेसनाच्या दळणानंतर लागलं तर सुरुवातीचं पीठ मिसळून येतं आणि पोळी तुटायला लागते. गव्हानंतरच दळायला सांगा. गिरणीवाले हे ऐकतात, विचारायला मात्र आपण उभं राहावं लागतं.

भात आणि कणीक दोन्ही काढल्यावर एक पडताळा घ्या. एका जेवणातलं धान्य, म्हणजे कच्चा तांदूळ आणि कणीक मिळून, बैठं काम करणाऱ्या माणसाला १०० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान बसतं. आपल्या माणसाच्या डब्यात १०५ ग्रॅम आहे, रात्री ७५ आणि ७० मिळून १४५. ठीक आहे. तुमचा आकडा २२० आला आणि काम हमालीचं किंवा बांधकामावरचं नसेल तर कुठेतरी वाटी आणि ग्रॅम यांची अदलाबदल झाली आहे. ७० आला तर बाहेरचं खाणं मोजायचं राहिलं आहे.

याच बेरजेमुळे घराघरातला फरकही समजतो. मालवणी घरात तांदूळ महिन्याला पाच किलो आणि कणीक एक किलो असते, सोलापूरकडून आलेल्याकडे ज्वारीचं पीठ चार किलो आणि तांदूळ किलोभर. दोघांची बेरीज मात्र फारशी वेगळी नसते. तीन पोळ्या काढल्या की त्या जागी शंभर ग्रॅम तांदूळ येतो. एकाच्या यादीतला एकच आकडा उचलून दुसऱ्याने वापरला की फसगत होते, बेरीज उचलली तर होत नाही.

तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २,००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात धान्य २५० ग्रॅम आहे. महिन्याचे साडेसात किलो. आपल्या माणसाचे तांदूळ, कणीक आणि दहा न्याहाऱ्यांचे सहाशे ग्रॅम पोहे मिळून सात किलोच्या थोडं वर जातात, तेही बाहेरची अकरा जेवणं सोडून. म्हणजे त्याचं धान्य कमी नाही, उलट थोडं जास्तच आहे. रेशनचं सांगायचं तर २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. उरलेलं दीड-दोन किलो दुकानातूनच घ्यावं लागतं, तेवढंच यादीत लिहा.

डाळ: इथे बहुतेकांचा आकडा कमी निघतो

एका वाटी वरणाला ३० ग्रॅम तूरडाळ जाते, दाट आमटीला ३५-४०. उसळीला कोरडं कडधान्य ४० ग्रॅम. भिजवल्यावर ते दुपटीच्या वर जातं, म्हणून मोड आलेलं वजन यादीत लिहू नका. बाजारातून मोड आलेली मटकी आणणाऱ्यांनी तिचं वजन निम्मं करून धरावं.

उदाहरणातला माणूस महिन्यातून चार वेळा घरी मासे करतो. त्या दिवशी कालवण असतं, वरण नसतं. म्हणून भाताच्या २९ जेवणांतून ४ वजा, २५ वेळा वरण, ७५० ग्रॅम डाळ. महिन्यातून सहा उसळी, २४० ग्रॅम. पिठलं आणि इतर मिळून बेसन २०० ग्रॅम. सगळं मिळून १ किलो २०० ग्रॅम.

वर सांगितलेल्या ताटात डाळी आणि कडधान्यं दिवसाला ८५ ग्रॅम आहेत, म्हणजे महिन्याला अडीच किलोच्या वर. हा माणूस त्याच्या निम्म्यावरही नाही, आणि मुंबईत एकटे राहणाऱ्या बहुतेकांची गत हीच दिसेल. मासे, अंडी आणि दूध असल्यामुळे तेवढीच डाळ हवी असं नाही, पण शाकाहारी माणसाने इथे थांबून विचार करावा. वाढवायचं असेल तर डाळीचा मोठा पुडा आणून काही होत नाही, तो तसाच राहतो. वाढ जेवणात करावी लागते: आठवड्याला दोन डब्यांत भाजीऐवजी उसळ, म्हणजे महिन्याला तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम वाढले. वरण पातळ करत असाल तर ३० चे ४० करा, आणखी अडीचशे ग्रॅम. मगच यादीतला आकडा बदला.

कडधान्याची खरेदी महिन्याला करू नये. मटकी, मूग आणि चवळी प्रत्येकी अर्धा किलो आणली तर एकट्याची सहा महिने सरत नाहीत आणि भुंगा लागतो. एका वेळी दोन प्रकार, पाव-पाव किलो, आणि पुढच्या महिन्यात दुसरे दोन.

तेल: चौघांचं भागिले चार होत नाही

तेलाचं गणित वेगळं आहे, कारण फोडणीला भांड्याचा तळ झाकावा लागतो. चौघांच्या भाजीला पाच-सहा चमचे तेल पुरतं, म्हणजे माणशी सव्वा-दीड चमचा. एकाच्या भाजीला दीड चमचा टाकला तर मोहरी तडतडत नाही, हळद करपते आणि कांदा तळाला चिकटतो. मग हात आपोआप तीन चमच्यांवर जातो. म्हणून एकट्याचं तेल माणशी जास्त लागतं, ही उधळपट्टी नव्हे. कढईचा तळ लहान केला की ते कमी होतं. फोडणीपात्र आणि सहा इंची छोटी कढई एकट्या माणसाने घेतलीच पाहिजे.

इथे चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा, साखरेच्या डब्यातला चहाचा चमचा. मोजून पाहायचं असेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारं माप घ्या. एक आठवडा तेल बाटलीतून थेट ओतू नका, चमच्यानेच घाला. बाटली तिरपी केली की एका झटक्यात किती पडतं ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

उदाहरणातल्या माणसाचा तेलाचा महिना असा: घडीच्या पोळीला दीड मिलिलिटर, ११८ पोळ्या, १७७. रात्री एकदाच भाजी करतो, तीच सकाळी डब्यात जाते, १५ मिलिलिटर प्रमाणे २४ वेळा, ३६०. सुट्टीच्या दुपारची भाजी १० प्रमाणे पाच वेळा, ५०. वरणाची फोडणी पाच प्रमाणे २५ वेळा, १२५. पोहे-उपमा १२ प्रमाणे दहा वेळा, १२०. मासे तव्यावर तळायला २० प्रमाणे चार वेळा, ८०. बेरीज ९१२ मिलिलिटर.

आता पुड्याकडे पाहा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतं. ९१२ मिलिलिटर म्हणजे ८३० ग्रॅम. लिटरचा पुडा आणला तर थोडं उरतं. पण दुकानात सारखेच दिसणारे ८०० आणि ८५० ग्रॅमचेही पुडे असतात. ८०० चा आणला तर शेवटच्या दिवशी तेल नाही, आणि ‘या महिन्यात तेल जास्त लागलं’ असा उगाच समज होतो. किंमत पाहण्याआधी निव्वळ वजन वाचा.

वरणावर पाच ग्रॅम तूप, पंचवीस वेळा, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. तेल आणि तूप मिळून ९५५ ग्रॅम, दिवसाला ३२. त्या ताटातल्या मार्गदर्शक आकड्यात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम आहेत, आणि या माणसाचा बाहेरच्या जेवणांतला वडा-बिर्याणीचा वाटा आपण अजून धरलेलाच नाही. कमी कुठे करायचं हे बेरीजच सांगते. पोळीचं तेल तोडून पोळी कडक होते आणि डब्यात चामड्यासारखी लागते, तिथे हात लावू नका. रात्रीच्या भाजीचे तीन चमचे दोनवर आणले तर १२० मिलिलिटर वाचतात आणि दिवसाचा आकडा २८ वर येतो. लहान कढई त्यासाठीच सांगितली.

तिघे एकत्र राहत असतील तर तांदूळ, कणीक आणि डाळ सरळ तिप्पट करा, पोळीचं तेलही तिप्पट. भाजी-फोडणीचं मात्र दुपटीहून थोडं कमीच धरा. दिवाळीचा फराळ, तळणीचे पापड-कुरडया आणि गणपतीतली भजी यांचं तेल या हिशेबात आणू नका. त्याची वेगळी यादी करा, नाहीतर नोव्हेंबरचा आकडा डिसेंबरलाही चालू राहतो.

साखर: चमचा सपाट की शिगोशीग

साखरेचा हिशेब चहाने ठरतो. सपाट चमचा चार ग्रॅम, शीग लावलेला सहा-सात. सकाळचे तीस चहा आणि संध्याकाळचे दहा, असे चाळीस कप, दोन-दोन चमचे. सपाट चमच्याने ३२० ग्रॅम, शिगेच्या चमच्याने ४८० किंवा त्याहून जास्त. शिरा, लिंबू सरबत आणि आमटीतली चिमूट मिळून साठ-सत्तर धरा. म्हणजे एकट्याला अर्धा किलो पुष्कळ होते, आणि किलोचा पुडा दोन महिने जायला हवा. महिन्यात संपत असेल तर एकतर पाहुणे येतात किंवा चमचा शिगेचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २,००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असं सुचवलं आहे, म्हणजे महिन्याला पाऊण किलो. पण त्यात ऑफिसचा मशीनचा चहा, बिस्किटं आणि सरबतंही आली. घरच्या डब्यात पाऊण किलो संपत असेल तर मर्यादा केव्हाच ओलांडली आहे.

यादी आणि पंधरा तारखेचा डबा

उदाहरणातल्या माणसाची यादी त्यामुळे अशी होते: तांदूळ अडीच किलो, गहू पाच किलो, तूर आणि मूगडाळ मिळून एक किलो, कडधान्य दोन प्रकार पाव-पाव किलो, बेसन पाव किलो, तेल एक लिटर, साखर अर्धा किलो. दहा टक्के वाढ तांदूळ, कणीक आणि डाळ यांनाच लावा. अचानक आलेल्या पाहुण्याला तीच लागते. तेल-साखरेला वाढ लावली की ती वापरलीच जाते, ती कधी उरत नाही.

आकडा पक्का करायला दोन महिने लागतात. एक तारखेला डबे भरल्यावर प्रत्येक डबा झाकणासकट तोला आणि चिठ्ठीवर लिहा. पंधरा तारखेला पुन्हा तोला. रिकाम्या डब्याचं वजन आधी वजा करायला विसरू नका, स्टीलचा पाच किलोचा डबा सहज अर्धा किलोच्या वर भरतो. निम्म्यापेक्षा बरंच जास्त संपलं असेल तर कारण शोधा, लगेच आकडा वाढवू नका. पगाराच्या आठवड्यात मित्र जेवायला आले होते का, की मावशींनी गोळा मोठा केला? महिनाअखेर जेवढं उरेल त्यातलं निम्मं पुढच्या यादीतून वजा करा, सगळं नाही. एकदम पूर्ण वजा केलं तर पुढच्या महिन्यात बावीस तारखेला तांदूळ संपतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून किलोची महागडी पिशवी येते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत हेच आकडे ठेवून खरेदी दोनदा करा. मुंबईच्या दमट हवेत कणकेला तीन आठवड्यांत कडवट वास येतो आणि पिठात जाळी धरते, म्हणून गहू पाच किलो आणला तरी दळण अडीच-अडीच किलोचं काढा. पीठ बोटाने दाबलं तर गोळी टिकते आणि झाकणाखाली धाग्यासारखं काही दिसतं, तेव्हा ते चाळून वापरायची वेळ निघून गेलेली असते. नवं पीठ त्याच डब्यात जुन्यावर ओतू नका. डबा धुऊन उन्हात वाळवा, ऊन नसेल तर गॅसच्या शेगडीजवळ तासभर उपडा ठेवा, आणि मगच भरा.